वहीतले बत्तीस सेट

तळघरात व्यायामशाळा थाटणं हा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात मराठी घरांना होणारा एक आजार आहे. गेल्या डिसेंबरात तो आम्हालाही झाला. निमित्त मात्र गंभीर होतं. डोंबिवलीला बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जुलैत आमची तिकिटं काढलेली. बाबांना दवाखान्यात नेताना जिन्यावर आधार द्यायचा, तर निदान आपले गुडघे आणि कंबर तरी धड हवी, असं आम्ही उभयतांनी ठरवलं. पन्नाशी दोघांचीही जवळ आलेली.

नेमका तेव्हाच पुण्याच्या भाच्याने इन्स्टाग्रामवरच्या एका तरुणाचा कार्यक्रम पाठवला. आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. तरुणाचं अंग असं की शिल्पकाराने छिन्नी ठेवून नुकतंच जेवायला जावं. आम्ही कार्यक्रम छापून फ्रिजवर चिकटवला आणि साडेचार महिने इमानेइतबारे केला. सौ.चा पेशा हिशेब तपासण्याचा, त्यामुळे दोघांचंही प्रत्येक वजन आणि प्रत्येक सेट वहीत लिहिला गेला. ती वही नसती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

एप्रिलमध्ये आमच्यातल्या पुरुषपात्राचा उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला. बेंच प्रेस करताना कळ यायची, आणि पुढे तर वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढतानाही. डॉक्टरांनी तपासून फाटलं-तुटलं काही नाही असं सांगितलं आणि फिजिओथेरपीला धाडलं. आमच्या ढोल पथकातला एक मुलगा तेच काम करतो. त्याने खांदा नंतर बघतो म्हणून आधी वही मागितली.

“काका, डिसेंबरात बेंच प्रेसला किती वजन होतं?”

“पासष्ट पौंड. पंधरा वेळा, असे पाच सेट.”

“आणि आता?”

आता? पासष्ट पौंड. पंधरा वेळा, पाच सेट. सौ.ने पानं मागेपुढे चाळली, पण आकडे हलायला तयार नव्हते. फ्रिजवरच्या कागदात “घाम गाळा” तीन ठिकाणी होतं. पण वजन कधी वाढवायचं, किती वाढवायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. साडेचार महिने आम्ही जणू एकाच इयत्तेत बसून तेच पाढे म्हणत होतो.

मग त्याने सौ.ला एक रकाना आखायला सांगितला: कुठल्या अवयवाला आठवड्यात किती सेट. सोमवारी छातीचे व्यायाम सहा प्रकारचे, एकूण तेवीस सेट. गुरुवारी “छाती आणि दंड”, त्यात छातीचे आणखी नऊ. म्हणजे बत्तीस. पाठीला सहा. आणि मांड्यांना? चार! ज्या जिन्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या जिन्याच्या वाट्याला आठवड्यातून चार सेट. आरशात जे दिसतं तेवढ्याचाच तो कार्यक्रम होता, आणि आमच्या लक्षात आलं नाही, कारण रोज थकवा येत होता आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतं. अंग दुखलं म्हणजे काम झालं, हा आमचा हिशेब. सवय नसलेलं काहीही केलं तरी अंग दुखतं. अंगणातलं बर्फ ओढलं तरी दुखतं. त्यावरून ताकद वाढल्याचं कळत नाही.

बत्तीस सेट वाईट का, हे त्याने वहीतूनच दाखवलं. सोमवारचे पहिले सात-आठ सेट नीट होते. पुढे डंबेल पंचवीसवरून वीसवर, वीसवरून पंधरावर उतरत होते. म्हणजे स्नायू आधीच दमलेला, उरलेले सेट निव्वळ हजेरी लावायला, आणि तेच ओढणं खांद्याच्या सांध्यावर. गुरुवारपर्यंत ते भरून निघायच्या आत पुन्हा नऊ. सर्वसाधारणपणे एका स्नायूला आठवड्यात दहा ते वीस मन लावून केलेले सेट पुष्कळ झाले, आणि आमच्यासारख्या नवशिक्यांना दहाहून कमीही पुरतात. मन लावून म्हणजे, सेट संपवताना फार तर आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल इतकंच बळ उरलेलं असावं.

यात नवीन काही नाही म्हणे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने वजन क्रमाक्रमाने वाढवण्याची पद्धत बसवली. १९४५ साली तो दहा-दहा वेळांचे सात ते दहा सेट करवून घेत असे. १९४८ साली त्याने आणि वॉटकिन्सने ते तीनवर आणले, वाढतं वजन मात्र कायम ठेवलं. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

तो इन्स्टाग्रामवाला खोटारडा होता असं आमचं म्हणणं नाही. त्याला ते पचत असेल. दहा वर्षांचा सराव, पंचविशीचं वय, आणि कदाचित आणखीही काही, जे कोणी कॅमेऱ्यासमोर सांगत नाही. शिवाय तेच चार व्यायाम आणि पाच पौंड जास्त, याची चित्रफीत रोज कोण बघणार? त्याला दर आठवड्याला नवीन प्रकार दाखवावाच लागतो. पण व्यायाम दर आठवड्याला बदलला की मागच्याशी तुलना करायची कशाची?

नवा कार्यक्रम वहीच्या अर्ध्या पानावर मावला. आठवड्यातून दोन दिवस. डंबेल छातीशी धरून बैठका, डंबेल मांड्यांजवळ धरून कंबरेतून वाकून उठणं, एका हाताने डंबेल कमरेकडे ओढणं, स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून जोर. प्रत्येकाचे तीन सेट. शेवटी एका हातात भरलेली बॅग घेऊन तळघरात फेऱ्या. बॅगा काय, आपल्या घरी कमी असतात का!

नियम एवढाच: आठ वेळांपासून सुरुवात, जमेल तशी एकेक वेळ वाढवायची, आणि तिन्ही सेट बारा-बारा झाले की पुढच्या खेपेला पाच पौंड वाढवून पुन्हा आठावर यायचं. सौ.ची बैठक वीस पौंडांवर सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ, आठ, सात. चौथ्या खेपेला बारा, बारा, बारा. मग पंचवीस. एका हाताने ओढण्याच्या व्यायामात मात्र ती अडली. पंधरावरून वीस ही एकदम एक तृतीयांश वाढ, सहालाच हात थांबला. तेव्हा पंधरावरच पंधरा वेळांपर्यंत नेऊन मग वीस घेतले. जूनअखेर बैठक चाळीस पौंडांवर होती. ही गती कायम टिकत नाही. पुढे पाच पौंडांना महिनाही लागतो. पण वही हलत होती.

खांद्याला दोन महिने लागले. अजून वर हात नेऊन वजन उचलणं बंदच आहे.

जुलैत बाबांना दोनदा खाली नेऊन वर आणलं. एकाने दंडाला धरायचं, दुसऱ्याने एक पायरी खाली उभं राहायचं, गुडघे वाकवून. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले, कठड्याला टेकले आणि शेजारच्या काकूंकडे चहा मागितला. आम्ही त्यांना धरून बसल्या बैठकीत उभे, आणि काकू म्हणाल्या, आधण आत्ताच ठेवतेय.