संध्याकाळचं पाणी, पहिलं विमान

सोमवार, 9 फेब्रुवारी 2026, वाशी

डेस्कवर आजपासून दोन नवी मुलं आली. दोघांनाही मथळा लिहायची हौस आहे आणि बातमी पूर्ण वाचायचा कंटाळा. त्यांच्यासाठी एक प्रेसनोट मी घरूनच रचून नेली होती. खोटी, पण हिच्या खऱ्या बहिणी आमच्याकडे वर्षभर येत असतात. भोकरपाडा जलशुद्धीकरण केंद्रात आणि मोरबेच्या मुख्य जलवाहिनीवर दुरुस्ती, म्हणून बुधवारी सकाळी 10 ते रात्री 10 पाणीपुरवठा बंद, गुरुवारी सकाळी पाणी कमी दाबाने, नागरिकांनी सहकार्य करावे. वर विषय : 'पाणीपुरवठा बंद ठेवणेबाबत'. तीन कॉलमांचा मथळा हवा, फार तर सहा शब्दांत.

पहिल्याने लिहिलं, 'नवी मुंबईकरांनो सावधान! पाण्याचे मोठे संकट'. मी विचारलं, जून कोरडा गेला आणि मोरबेचा तळ दिसायला लागला, तर तेव्हा कोणता शब्द काढणार? बारा तासांच्या दुरुस्तीवर 'संकट' खर्ची घातलं की खऱ्या टंचाईच्या दिवशी वाचक पान उलटून जातो. शिवाय दिघा-ऐरोलीकडच्या काही वस्त्यांना एमआयडीसीचं पाणी येतं. त्यांना सावधान कशाला करायचं? सगळ्या शहराला हाक मारली की ज्याचा नळ चालू आहे तोही दचकतो, आणि पुढच्या खेपेला ओ देत नाही.

दुसरी हुशार निघाली. 'बुधवारी या भागांत पाणी नाही'. वाक्य खरं आहे, पण मथळ्यातली एकमेव कामाची गोष्ट तिने 'या'च्या आड झाकून ठेवली. नेरुळचा माणूस पानावर आधी नेरुळ शोधतो, नोडच्या पुढे जाऊन सेक्टरही शोधतो. ते नाव वर दिसलं की तो थांबतो. लपवलं तरी थांबतो, हे खरं. पण खाली वाचल्यावर भाग सानपाड्याचा निघाला की चिडतो, आणि ती चीड दुसऱ्या दिवशीच्या पानाला भोवते.

मग वेळांकडे वळलो. बऱ्याच नोडांत पाणी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेला येतं. सकाळी 10 ते रात्री 10 बंद म्हणजे बुधवारी सकाळचं पाणी येणारच आहे. जाणार आहे ते संध्याकाळचं. हे प्रेसनोटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, घड्याळ आणि नळ शेजारी ठेवून ते काढावं लागतं. गुरुवारी सकाळी दाब कमी, म्हणजे सोसायटीची खालची टाकी भरायला वेळ लागणार आणि वरच्या टाकीत पंपाने चढवायला पाणी उशिरा मिळणार. सोसायटीच्या सेक्रेटरीला खरा घोर याचाच असतो. शेवटी झालं ते असं :

बुधवारी संध्याकाळचे पाणी नाही
बेलापूर ते घणसोली पुरवठा सकाळी 10 ते रात्री 10 बंद. गुरुवारी सकाळी दाब कमी

उद्गारचिन्ह नाही, संकट नाही, आणि तरी माझ्या मते तिघांत हाच मथळा माणसाला खुर्चीतून उठवतो, कारण त्यात त्याच्या बादलीची वेळ आहे.

एक गोष्ट निघता निघता सांगितली. मुलीने सुधारून 'उद्या संध्याकाळी' केलं होतं. छापील पानाला ते चालायचं. आता कात्रणाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि सहा महिन्यांनी पुन्हा उगवतो. कुणीतरी ते 'उद्या' ताजं समजून टाक्या भरून ठेवतं. म्हणून मथळ्यात वार, आणि बातमीच्या पहिल्याच वाक्यात तारीख.

गुरुवार, 12 फेब्रुवारी

नवी मुंबई विमानतळाची जुनी पानं काढून टेबलावर पसरली. शिकवायला एवढं चांगलं सामान दुसरं सापडणार नाही.

11 ऑक्टोबर 2024 ला उलव्याच्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-295 उतरलं. त्याच वर्षी 29 डिसेंबरला इंडिगोचं ए-320 चाचणीसाठी उतरलं. 8 ऑक्टोबर 2025 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. तिकीट काढलेले प्रवासी घेऊन नियमित उड्डाणं सुरू झाली ती 25 डिसेंबर 2025 ला. यातल्या तीन दिवशी 'पहिले विमान उतरले' असा मथळा देता आला असता, आणि तिन्ही वेळा तो कुठल्या ना कुठल्या अर्थाने बरोबर ठरला असता. हवाई दलाचं पहिलं, प्रवासी बनावटीचं पहिलं, प्रवाशांसकट पहिलं.

मुलांना विचारलं, मग खोटं काय आहे? मुलगा म्हणाला, "सर, खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल, आता तिकीट मिळतं." नेमकं हेच. पनवेलचा माणूस 'पहिले विमान' वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात सुट्टीत गावाला जायचा विचार असतो, सी-295 नसतं. मथळा तपासताना शब्द खरे आहेत का, एवढ्यावर भागत नाही. एवढाच मथळा वाचून पान मिटणारा माणूस काय समजून उठेल, आणि तो समज खाली छापलेल्या बातमीत टिकेल का, हे बघायचं. बहुतेक लोक मथळाच वाचतात, तेव्हा हा मिटणारा माणूसच आपला खरा वाचक.

मग प्रत्येक तारखेला मथळा लावायला बसलो. पहिलीसाठी 'धावपट्टीवर हवाई दलाचे विमान. प्रवासी उड्डाणे अजून दूर'. दुसरीला 'चाचणीसाठी' हा शब्द वरच घ्यायचा, उपशीर्षकात ढकलायचा नाही. उद्घाटनाच्या दिवसाने जरा छळलं. मुलीने 'नवी मुंबई विमानतळ सुरू' लिहिलं. सोहळा झाला, दिवे लागले, पण तिकीट काढून कुणाला त्या दिवशी उडता येत नव्हतं. उद्घाटन आणि पहिलं प्रवासी उड्डाण यांत अकरा आठवडे गेले. त्यामुळे 'विमानतळाचे उद्घाटन. प्रवासाला डिसेंबरची वाट'. मला तर हा मथळा साध्या 'सुरू'पेक्षा जास्त ओढतो, कारण पुढचा प्रश्न त्यातच उभा आहे आणि त्याचं उत्तरही.

जाता जाता मेट्रोचं पान दाखवलं. बेलापूर ते पेंधर मार्गाची पायाभरणी 1 मे 2011 ला झाली आणि गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. मधल्या बारा वर्षांत शहराच्या पानांवर 'लवकरच' हा शब्द किती वेळा छापला गेला असेल, ते मोजायला बसू नये. आमच्या डेस्कवर आता 'लवकरच' बाद आहे. ज्याने मुदत दिली त्याचं नाव आणि ती मुदत लिहायची, नाहीतर मथळ्यातून तारीखच काढायची.

शनिवार, 14 फेब्रुवारी

छायाचित्रकाराने नेरुळहून रोहितांचा फोटो आणला. पाण्यात गुलाबी थवा, आणि मागे इमारती इतक्या जवळ की गॅलरीतून हात लांबवला तर पंखाला लागेल. मुलाने लगेच फोटोओळ लिहिली : 'दारात पाहुणे! नेरुळमध्ये रोहितांचे आगमन'.

यात तीन ठिकाणी अडलो. इमारती जवळ दिसतात कारण फोटो लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलाय. ती लेन्स पुढचं-मागचं अंतर दाबून एकत्र आणते. छायाचित्रकारानेच सांगितलं, मधे बरंच पाणी आणि कांदळवन आहे. तेव्हा 'दारात' गेलं. 'आगमन'ही नको. पक्षी थंडीच्या सुरुवातीपासून खाडीत आहेत. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते अशा तळ्यांत येऊन उभे राहतात आणि ओहोटीला परत चरायला जातात. हा फोटो भरतीच्या वेळेचा आहे, आणि खरी मजेची माहिती तीच. वाचकाला उद्या जाऊन बघायचं असेल तर त्याला भरतीची वेळ हवी, 'पाहुणे' नको. तिसरी गोष्ट चोचीची. फोटो मोठा करून बघितला. चोच जवळजवळ सगळी गडद लाल, म्हणजे लहान रोहित. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असते आणि तिचं फक्त टोक काळं.

छापून गेली ती ओळ अशी : 'भरतीच्या वेळी नेरुळच्या तळ्यात विसावलेले लहान रोहित. ओहोटीला ते पुन्हा ठाणे खाडीत चरायला जातात. (शुक्रवारी टिपलेले छायाचित्र)'. थवा गुलाबी आहे, पक्षी सुंदर आहेत, हे फोटोत दिसतंच. फोटोओळीने न दिसणारं सांगावं.

रंगावरून थोडी हुज्जत झाली. संगणकावर गुलाबी जरा चढवला होता. थव्यात राखाडी-तपकिरी रंगाची पिल्लंही होती आणि रंग चढवल्यावर तीसुद्धा लाजल्यासारखी दिसायला लागली. मूळ रंगावर आणायला लावलं. छायाचित्रकार नाराज झाला, पण चहाला आला.

संग्रहातल्या फोटोंचंही बोलणं निघालं. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तळ्यात रोहित मेले, त्या वेळचे फोटो अजून चटकन हाताला लागतात. आजच्या बातमीबरोबर त्यातला एखादा लावला आणि खाली 'संग्रहित छायाचित्र' लिहायचं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी शहरभर पुन्हा रोहित मरतात. महिना आणि साल त्या दोन शब्दांच्या शेजारीच हवं.

मंगळवार, 17 फेब्रुवारी

आज फक्त एकच मथळा अडला. एका सोसायटीच्या सभासदांनी पदाधिकाऱ्यावर पैशांचा घोळ केल्याची तक्रार पोलिसांत दिली होती, आणि पानावर 'पदाधिकाऱ्याने लाखो लाटले' असं आलं होतं. प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत हे स्पष्ट आहे : मथळा खालच्या मजकुराला धरून हवा, आणि आरोप मथळ्यात घ्यायचा तर तो कुणी केला ते लिहा, निदान अवतरणचिन्हं तरी द्या. अवतरणचिन्हं मला पुरेशी वाटत नाहीत. घाईत वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत, आणि मोठ्याने वाचून दाखवताना तर ती नाहीशीच होतात. 'सोसायटीत लाखोंच्या अपहाराची तक्रार. पोलिसांकडून चौकशी' असं केलं. मुलगी म्हणाली, "थोडं मिळमिळीत झालं." झालं खरं. तक्रारच सध्या तेवढी आहे.

शुक्रवार, 20 फेब्रुवारी

एपीएमसीच्या फळबाजारातून बातमी : हापूसची आवक वाढतेय. वार्ताहराने वर लिहून पाठवलं होतं, 'हापूस आला हो!' मुलाने मला न विचारता फोन लावून त्याला तीन गोष्टी विचारल्या. माल कुठला, पेट्या किती, आणि भाव घाऊक की किरकोळ. माल देवगडचा थोडा, बाकी इतर राज्यांतला. 2018 पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरतं आहे, हेही त्याने शोधून ठेवलं होतं. दिलेला भाव घाऊक पेटीचा होता, किरकोळ नव्हे. तो किरकोळ समजून कुणी मार्केटला धावला असता तर पहिल्याच गाळ्यावर भांडण.

त्याने लावलेला मथळा : 'देवगड हापूस थोडा, भाव चढाच, स्वस्ताईला एप्रिल उजाडणार'. 'उजाडणार' वर मी पेन्सिल ठेवली. एप्रिलचं कोण म्हणतंय? त्याने वार्ताहराला पुन्हा फोन लावला. व्यापाऱ्यांचा अंदाज होता. मग 'स्वस्ताई एप्रिलमध्ये, व्यापाऱ्यांचा अंदाज' असं झालं आणि मथळा कॉलमाबाहेर जायला लागला. पान लावणारा ओरडला. 'भाव चढाच' काढायचं की 'थोडा', यावर दोघांचं अजून चाललं आहे, आणि पान सोडायला वीस मिनिटं आहेत.