समुद्र, चार अक्षरं, सुरुवात 'प'

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं सोडवायला बसलो की एक कोपरा हमखास अडतो. या वेळी आडवा शब्द होता 'समुद्र', ४ चौकोन. उभ्या 'पवन'मुळे पहिल्या चौकोनात 'प' आलेला. सागर, सिंधू, अर्णव, रत्नाकर... डोक्यातली यादी संपली, 'प' काही येईना! आणि हा शब्द अडला की खालचे दोन उभे शब्दही अडणार.

मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रा-जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं, हे इथे फार कामाला येतं. पहिलं अक्षर 'प' आहे म्हणजे 'पा' नाही. त्यामुळे ४ अक्षरांचा 'पारावार' समुद्रच असला तरी बाद.

अशा वेळी आठवत बसण्यापेक्षा शब्द जोडून बघावा. संस्कृतातून आलेले पाण्याचे शब्द घ्या: जल, नीर, अंबु, वारि, पय. त्यांना 'ज' लावला की पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. 'द' लावला की पाणी देणारा, म्हणजे ढग. 'धी' लावला की पाण्याचा साठा, म्हणजे समुद्र. अंबुज, अंबुद, अंबुधी. शेवटचा एक चौकोन बदलला की अर्थच बदलला! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रीफिक्स आणि सफिक्सचं साधं टेबल आहे हे.

आता या यादीत 'प'चा शब्द एकच, 'पय'. जोडताना त्याचं 'पयो' होतं. 'पयोधी' म्हणजे समुद्र, पण तीनच अक्षरं. एक चौकोन उरतो. मग 'धी'च्या जागी 'निधी' घातला की झालं: प-यो-नि-धी. चार!

तरी लगेच पेन चालवू नये. 'पयोधर' पण चारच अक्षरांचा, सुरुवातही तीच, पण तो ढग. म्हणून तिसरा चौकोन तपासायचा. तिथून खाली जाणारा शब्द होता 'झोप', २ अक्षरं. 'नीज' की 'निद्रा'? आपल्याला ऱ्हस्व 'नि' हवा, म्हणून निद्रा. चौथ्या चौकोनातून खाली 'धैर्य', २ अक्षरं: धीर. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितात, म्हणून 'निधी', आणि 'धीर'ला हवा असलेला 'धी' बरोब्बर मिळाला. दोन्हीकडून जुळलं की मगच शाई.

हे टेबल सगळीकडे मात्र चालत नाही. 'पाणी'ला 'द' लावून ढग होत नाही, कारण हा खेळ संस्कृत शब्दांचा. 'पंकज'मधला पंक तर चिखल! त्याला 'धी' लावून समुद्र शोधायला गेलात तर चिखलातच रुताल. तेव्हा जोडलेला शब्द ओळखीचा वाटला नाही तर शब्दकोशात बघून घ्या.

आता तुमच्यासाठी एक: ढग, ३ अक्षरं, सुरुवात 'नी'. सांगा बघू!