आठ खुर्च्या आणि एक कबुली

‘गटोपचारात नेमकं काय बरं करतं, ते सोप्या भाषेत लिहा,’ असं संपादकांनी कळवलं. बंगळुरात माझं बरंचसं काम दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या गटांबरोबर चालतं, म्हणून तिथूनच लिहिते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

निपाणीकडचा एक कामगार पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. सकाळी हात थरथरायचे, म्हणून बस पकडण्याआधी क्वार्टर लागायची. रुग्णालयात औषधांनी थरथर थांबली, मगच तो गटात आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. रोज पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि त्यावर गप्पांचा इलाज नाही. गटात आठ जण होते, बैठक दीड तासाची. तो दाराजवळ बसायचा आणि फक्त माझ्याकडे बघून उत्तरं द्यायचा. असा माणूस अजून गटात आलेला नसतो.

मग एका बैठकीत मंड्याच्या एका गृहस्थांनी सांगितलं, की ते मुलीच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीत दारू भरून ठेवायचे आणि एक दिवस मुलगी तीच बाटली घेऊन शाळेत निघाली होती. खोलीत कोणी हललं नाही. आमचा निपाणीकर कन्नडात म्हणाला, ‘नंदू हागे.’ माझंही तसंच. आणि पुढे सांगू लागला: गच्चीवरची टाकी, तिच्यामागे लपवलेली बाटली, रात्री पाण्याच्या निमित्ताने वर जाणं. हे सगळं तो मंड्याच्या गृहस्थांकडे बघून सांगत होता.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अर्व्हिन यालम यांनी १९७० साली गटोपचारावरच्या आपल्या ग्रंथात उपचारक घटकांची यादी मांडली. त्यातला एक घटक म्हणजे ‘मी एकटाच असा नाही’ ही जाणीव. ही जाणीव म्हणजे सांत्वन असं लोक समजतात, आणि मला ते खटकतं. ‘अहो, सगळ्यांचंच असं असतं’ असं कोणी म्हटलं की बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं. खरी जाणीव झाली की उलट घडतं, तो आणखी एक तपशील सांगतो, बहुधा आधीच्यापेक्षा लाजिरवाणा. बैठकीत मी हेच पाहते: विषय तिथे संपला, की उघडला? म्हणूनच सात पुरुषांत एकच स्त्री बसवायला मी तयार नसते. तिचं ‘माझंही तसंच’ तिथे कोणाला लागूच होत नाही आणि ती लवकरच यायची थांबते.

इथे एक वाद मला सोडवत नाही. यालम यांनी बऱ्या झालेल्या वीस रुग्णांना साठ विधानं उपयोगाच्या क्रमाने लावायला दिली. त्यावरून निघालेल्या घटकांच्या क्रमवारीत ही जाणीव सातवी आली, आशा आठवी. वर होतं ते इतरांकडून स्वतःबद्दल ऐकणं, मन मोकळं करणं, गटाशी जुळलेलं नातं. ती यादी पाठ केलेले तरुण सहकारी मला सांगतात की आशा दुय्यम आहे. पण ते वीस जण दीर्घकाळ उपचार घेतलेले, बाहेरून येणारे रुग्ण होते. जो टिकलाच नाही त्याने क्रम लावलेला नाही. थोड्या दिवसांच्या गटात आणि व्यसनाच्या गटात ही जाणीव आणि आशा या दोन गोष्टी नसतील तर माणूस पुढच्या बैठकीलाच येत नाही, मग बाकीचे घटक कामाला लागणार कुठे?

आशा मी देत नाही, ती शेजारच्या खुर्चीतून येते. आणि अंतर मोजून यावी लागते. बारा वर्षं न पिणारा माणूस नवख्याला साधुपुरुष वाटतो. तीन महिने पुढे असलेला मात्र खरा वाटतो. म्हणून गटात वेगवेगळ्या टप्प्यांवरची माणसं हवीत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून चालू आहे. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून उभी असतात, त्यामागेही हेच बळ आहे.

चौथ्या महिन्यात मंड्याचे गृहस्थ पुन्हा प्यायले. इतरांची उमेद खचेल म्हणून त्यांना काही दिवस बाजूला ठेवावं, असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मी त्यांना त्याच गटात बसवलं आणि पहिल्या घोटाच्या आधीचे चोवीस तास विचारले. पगाराचा दिवस, मेव्हण्याशी भांडण, दुपारचं जेवण चुकलेलं, नेहमीचा रस्ता सोडून दुकानावरून जाणं. निपाणीकराने मध्येच विचारलं, ‘रस्ता कुठे बदलला?’ घसरणीलाही पायऱ्या असतात आणि मधल्या कुठल्याही पायरीवर थांबता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. आदर्श माणूस पडलाच नाही असं दाखवणारी आशा त्याच्या पहिल्या घोटाबरोबर संपली असती.

घरचं चव्हाट्यावर येईल ही भीती खरी आहे. म्हणून आपल्या माणसाला गटात पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: गटात किती जण आहेत, त्याच्यासारखा निदान आणखी एक माणूस आहे का, आणि खोलीतलं बोलणं बाहेर गेलं तर काय करतात. उत्तरं पटली तर पहिल्या बैठकीवरून निकाल लावू नका. पहिल्या दिवशी बहुतेक जण दाराजवळच बसतात.