वजा न केलेला दांडा

अणुभट्टीचं माझं पहिलं गणित चुकलं ते वजाबाकीत नाही. एक वजाबाकी मी केलीच नव्हती.

गणित सोपं होतं. भट्टीतले सगळे कंट्रोल रॉड खाली पडले तर साखळी प्रक्रिया ८००० पीसीएमने मागे खेचली जाते. हे त्या दांड्यांचं ‘वर्थ’, म्हणजे त्यांच्या अंगातला जोर. पीसीएम म्हणजे एक लाखावा भाग. भट्टी बंद होताना इंधन आणि पाणी थंड होतं आणि त्यातले २५०० पीसीएम परत येतात. उरले ५५००. हेच माझं शटडाउन मार्जिन. भट्टी विझल्यावर ती पुन्हा पेटण्यापासून किती लांब आहे, ते अंतर.

सरांनी वही पाहिली. “सगळ्यात भारी दांडा वरच अडकला तर?”

त्या एकट्या दांड्याचे १५०० गेले, उरले ६५००. मोजमापातल्या चुकीसाठी दहा टक्के सोडले, ५८५०. त्यातून २५०० वजा. मार्जिन ३३५०.

“पण तो अडकेलच कशाला?” मी विचारलं. सरांनी एसएल-१ची गोष्ट सांगितली.

अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये लष्कराची ही छोटी भट्टी होती. तिच्यात पाच दांडे होते आणि बहुतेक जोर मधल्या एकात होता. तो एकटा पुरेसा वर आला, तर बाकीचे चार खाली असूनही भट्टी पेटायची. म्हणजे भारी दांडा वजा केला की मार्जिन शून्याच्याही खाली. त्यात बोरॉनच्या पट्ट्या झिजून, गळून पडल्या होत्या, त्यामुळे होतं तेही मार्जिन कमी झालं होतं. दांडे अधूनमधून अडकतही होते.

३ जानेवारी १९६१च्या रात्री तिघे जण बंद भट्टीवर काम करत होते. दांडा यंत्राला पुन्हा जोडण्यासाठी हाताने सुमारे दहा सेंटीमीटर उचलायचा होता. तो पन्नासच्या आसपास उचलला गेला. का, ते सांगायला कुणी उरलं नाही.

इथे डॉलर कामाला येतो. विखंडनातले थोडे न्यूट्रॉन उशिरा येतात. युरेनियम-२३५मध्ये ते साधारण ०.६५ टक्के, म्हणजे ६५० पीसीएम. तोच एक डॉलर. डॉलरच्या आत असाल तर भट्टीला त्या उशिरा येणाऱ्यांची वाट पाहावी लागते, आणि माणसाला किंवा यंत्राला आवरायला वेळ मिळतो. डॉलर ओलांडला की कुणासाठीच थांबणं नाही. एसएल-१मध्ये तो कितीतरी ओलांडला गेला. ३ मेगावॅटची भट्टी चार मिलिसेकंदांत सुमारे २०,००० मेगावॅटवर गेली. तिघेही गेले.

म्हणून आता सगळ्यात भारी दांडा पूर्ण बाहेर आहे असं धरूनही भट्टी विझलेली राहिली पाहिजे. मी वहीत ५५०० खोडून ३३५० लिहिलं. तेव्हापासून उत्तर जास्त सुखाचं आलं, की आधी तपासते: कोणता दांडा वजा करायचा राहिला?