चौथ्या मिनिटाचं दुखणं

लसीवरच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओत पहिली तीन मिनिटं कुणालाही जमतात. सुई, दुखरा दंड, रडणारं मूल. बघणारा बसून राहतो. शेवटची दोनही जमतात. माझा जीव अडकतो तो मधे, काखेतल्या लसिकाग्रंथीत. तिथे दोन-तीन आठवडे जे चालतं ते बाहेरून दिसत नाही, आणि किती जण बघत राहिले याचा आलेख नेमका तिथेच कोसळतो.

त्या जागी मी नेहमी सैन्य उतरवायचो. ढाली, भाले, कवायत, मागे ढोल. माझ्या आवाजाला ते शोभायचं; 'सावधान' म्हणताना मी स्वतःवरच खूश असायचो. मग संकलनाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली एक मुलगी आली. धनुर्वाताच्या लसीचा कच्चा कट बघून ती म्हणाली, "सर, या सैनिकांना कवायत शिकवतंय कोण?"

शिकवत कुणीच नाही. लसीत असतं ते फॉर्मल्डिहाइडने निकामी केलेलं धनुर्वाताचं विष, म्हणजे टॉक्सॉइड, आणि त्याच्यासोबत शरीराला चाळवणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार. ग्रंथीत काही पेशी ते टॉक्सॉइड धरून बसतात. ज्या बी-पेशीला ते घट्ट पकडता येतं ती जास्त ओढून घेते, त्याचे तुकडे टी-पेशीला दाखवते आणि जगण्याची परवानगी मिळवते. बाकीच्या मरतात. उरलेल्या विभागतात, त्यांची पकड थोडी बदलते, बऱ्याचदा बिघडतेही, आणि पुन्हा तीच परीक्षा. शेतकरी दर हंगामात चांगली कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतो, तसं हे काम आहे. कणसाला कुणी काही शिकवत नाही.

हे पटल्यावर सगळा आराखडा उलटा बांधावा लागला. आधी निवडीला जवळजवळ तीन मिनिटं दिली, मग उरलेल्या वेळात बाकीचं बसवलं. वर्णनात प्रकरणं अशी लिहिली:

```
0:00 खिळा गंजका नव्हता, तरी इंजेक्शन?
1:10 बाटलीत विष आहे का?
2:30 दंडातून काखेत
3:40 कोण जगणार, कोण मरणार
6:30 चार आठवडे का थांबायचं?
8:20 दहा वर्षांनी काय उरतं?
```

पहिली ओळ 0:00 नसेल तर यूट्यूब प्रकरणं पाडतच नाही, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. पण 'प्रस्तावना, विषयप्रवेश, निष्कर्ष' अशी नावं देणाऱ्यांना मात्र सांगावंसं वाटतं: बाबांनो, निष्कर्षावर बोट ठेवून कोण येतं? 'धक्कादायक सत्य' म्हणणारे निदान प्रेक्षकाला ओळखतात.

तरीही चौथं प्रकरण हटून बसलं होतं. मरणाऱ्या पेशी आम्ही पडद्यावरून गायब करत होतो, त्यामुळे उरलेल्या जन्मतःच हुशार वाटायच्या. त्या मुलीने मेलेल्या पेशी करड्या करून तिथेच पडू दिल्या. पडदा करड्या ठिपक्यांनी भरत गेला आणि निवड दिसू लागली. कोपऱ्यात दिवसांचा आकडा फिरत ठेवला. साडेसहा मिनिटांपर्यंत एकही अँटिबॉडी दाखवायची नाही, हा हट्ट माझा. प्रत्यक्षात काही अँटिबॉडी त्याआधीच रक्तात येतात, ते एका वाक्यात निवेदनात सांगितलं. लवकर दाखवल्या की बघणाऱ्याला वाटतं, त्या सुईतूनच आल्या. तयार अँटिबॉडी देणारं धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. लस न घेतलेल्याला मोठी, मातीने माखलेली जखम झाली की ते लसीसोबत देतात. व्हिडिओ संपल्यावर कुणी "लसीतून अँटिबॉडी मिळतात" म्हणालं, तर चौथं प्रकरण फसलं असं मी समजतो.

ते जमलं की पाचवं आपोआप चालतं. गरोदरपणात टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने का, हे वेगळं समजवावं लागत नाही. निवड पुढे सरकलेली असते, स्मृतिपेशी तयार असतात, म्हणून दुसऱ्या डोसला प्रतिसाद काही दिवसांतच आणि जोरात येतो. इथे माझं निवेदन सर्वात कमी आहे, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटच्या प्रकरणावर आमचं भांडण झालं. तिला स्मृतिपेशींवर थांबायचं होतं. पण धनुर्वाताचं विष स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागेपर्यंत थांबत नाही. रक्तात अँटिबॉडी आधीच फिरत असाव्या लागतात, म्हणून तर ठरावीक वर्षांनी पुन्हा टोचायचं. ते तिने मान्य केलं. मग शेवटची वीस सेकंदं मी मागून घेतली, ढोलाशिवाय. त्यात एवढंच आहे: माणसाला मारायला पुरणारं हे विष इतकं थोडं असतं, की शरीराला त्याची ओळख पटायला ते पुरत नाही, म्हणून धनुर्वातातून बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते.