यंत्र एकच, नफे दोन

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे आणि आकडे आहेत. चहा घेऊन बसा.

आमच्या गावात हायवेला लागून दोन भावांचं गॅरेज आहे. भागीदारी फर्म, दोघांचा निम्मा निम्मा वाटा. गेल्या महिन्यात दोघांत वाजलं, आणि कारण होतं आयकर. धाकट्याचं म्हणणं, "पुस्तकात नफा दरवर्षी तेवढाच दिसतोय, मग कर दरवर्षी वाढतोय कसा? कोणीतरी गडबड करतंय." हे 'कोणीतरी' म्हणजे थोरला की हिशोब लिहिणारा, ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण थोरल्याला लागायचं ते लागलं. दोघेही ओळखीचे, त्यामुळे कागद माझ्यासमोर आले. मी काही सीए नाही. पण बाजार समितीपासून पतसंस्थेपर्यंत ताळेबंद वाचण्यात वीस वर्षं गेली आहेत, आणि इथे कोणीच गडबड केलेली नव्हती. भांडण लावलं होतं घसाऱ्याने.

घसारा म्हणजे काय ते सगळ्यांना ढोबळ माहीत असतं. दहा लाखांचं यंत्र घेतलं तर ते दहा लाख त्याच वर्षीच्या खर्चात टाकता येत नाहीत. यंत्र जसं झिजेल तसा थोडा थोडा खर्च दरवर्षी धरायचा. प्रश्न एवढाच, की दरवर्षी किती?

एक रीत सरळ रेषेची. भावांनी २०१९ च्या उन्हाळ्यात व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि गाडी उचलायची लिफ्ट असा संच घेतला. जीएसटीचा परतावा मिळाला, म्हणून तो सोडून किंमत १० लाख (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोळा केलेत). आयुष्य धरलं १० वर्षं, शेवटी भंगारात ५० हजार येतील असा अंदाज. राहिले साडेनऊ लाख, भागिले दहा. दरवर्षी ९५ हजार. पहिल्या वर्षी तेवढे, दहाव्या वर्षीही तेवढेच.

दुसरी रीत घटत्या शिल्लकीची. इथे ठरलेला टक्का असतो आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लावायचा. यंत्रसामग्रीला आयकरात साधारण १५ टक्के. पहिल्या वर्षी १० लाखांवर दीड लाख. उरले साडेआठ लाख. दुसऱ्या वर्षी त्याचे १५ टक्के, म्हणजे १ लाख २७ हजार ५००. तिसऱ्या वर्षी १ लाख ८ हजार ३७५. चौथ्या वर्षी ९२ हजार ११९, इथे तो सरळ रेषेच्या ९५ हजारांच्या खाली आला. सातव्या वर्षी फक्त ५६ हजार ५७२. सुरुवातीला मोठा घास, मग लहान लहान. आणि ही शिल्लक शून्यावर कधीच येत नाही. दहा वर्षांनंतरही १ लाख ९६ हजार रुपये कागदावर उरतातच.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक लोकांना वाटतं की या दोनपैकी एक रीत निवडायची आणि त्यावर कर ठरतो. धाकट्यालाही तेच वाटत होतं. "पुस्तकात पद्धत बदलून टाकू, कर कमी होईल," हा त्याचा उपाय. तसं होत नाही. फर्मने आपल्या पुस्तकात कुठलीही रीत वापरावी. आयकराला त्याच्याशी देणंघेणं नाही. आयकर घसारा मोजतो तो घटत्या शिल्लकीनेच, स्वतःच्या टक्क्यांनी. यंत्राला १५, संगणकाला ४०, फर्निचरला १०. (वीजनिर्मिती करणाऱ्यांना सरळ रेषेची मुभा आहे, पण आपल्या गावात कोण वीज तयार करतंय?) १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यातही रीत हीच.

म्हणून रिटर्न भरताना हिशोबनीस काय करतो ते बघा. भावांच्या गॅरेजला भागीदारांचा पगार वगैरे सगळं वजा जाऊन, पण घसारा धरायच्या आधी, वर्षाला ६ लाख सुटतात असं धरू. पुस्तकात सरळ रेषेचे ९५ हजार वजा. नफा ५ लाख ५ हजार. हा नफा घेऊन तो आयकराच्या कागदावर बसतो. पहिलं काम, वजा केलेले ९५ हजार परत मिळवायचे. पुन्हा ६ लाख. मग आयकराच्या रीतीने पहिल्या वर्षाचे दीड लाख वजा. करपात्र नफा साडेचार लाख. भागीदारी फर्मला सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे शंभराला ३१ रुपये २० पैसे. कर झाला १ लाख ४० हजार ४००. पुस्तकातल्या नफ्यावर तो लागला असता तर १ लाख ५७ हजार ५६० झाला असता. सतरा हजारांचा फायदा. भावांना तेव्हा हे कळलंही नाही, कारण कर कमी आला की कोणी कागद उघडत नाही.

आता २०२५-२६, सातवं वर्ष. धंदा तेवढाच धरा. पुस्तकात घसारा तोच ९५ हजार आणि नफा तोच ५ लाख ५ हजार. पण आयकराच्या कागदावर वजा होणार फक्त ५६ हजार ५७२. करपात्र नफा ५ लाख ४३ हजारांवर, कर जवळपास १ लाख ७० हजार. पुस्तकातला नफा एका रुपयाने हललेला नाही, आणि कर मात्र पहिल्या वर्षापेक्षा २९ हजारांनी जास्त. धाकट्याला जे दिसलं ते हेच.

पहिल्या तीन वर्षांत जो कर वाचला तो माफ झालेला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. चौथ्या वर्षापासून तो हळूहळू परत मागितला जातो. आठव्या वर्षाच्या शेवटी दोन्ही रीतींची बेरीज मांडली, तर सरळ रेषेचा एकूण घसारा पुढे गेलेला असतो. फायदा आहे तो पैसे लवकर हातात राहण्याचा, आणि यंत्रावर कर्ज असताना तो काही लहान नाही. हप्ते भरायची ओढाताण पहिल्या तीन-चार वर्षांतच असते. पण ते वाचलेले पैसे दोघा भावांनी घरी नेले, आणि आता कर वाढला तेव्हा गल्ल्यात नाहीत.

मग पुस्तकात सरळ रेषा ठेवायचीच कशाला, असं तुम्ही विचाराल. बँकेसाठी. कर्ज मागायला जाताना पहिल्या वर्षी नफा साडेचारऐवजी ५ लाख ५ हजार दिसतो, यंत्राची किंमतही जास्त दिसते. यात लबाडी काही नाही, फक्त रीत दरवर्षी बदलायची नाही. लबाडी असते ती बँकेला एक ताळेबंद आणि आयकराला वेगळाच ताळेबंद देण्यात. ताळेबंद एकच, आकडेमोडीचा कागद वेगळा, असं असायला हवं.

खरी चूक मला दुसऱ्या एका दुकानाच्या कागदात दिसली. तिथे जुनं यंत्र पाचव्या वर्षी ३ लाखांना विकलं. किंमत आणि घसारा वरच्यासारखाच. सरळ रेषेने पुस्तकात त्याची किंमत उरली होती ६ लाख २० हजार. म्हणून ३ लाख २० हजारांचा तोटा लिहिला आणि तो तसाच आयकरातही वजा केला. हे चालत नाही. आयकर एकेक यंत्र बघतच नाही; १५ टक्क्यांची सगळी यंत्रं एका गाठोड्यात बांधतो, त्याला ब्लॉक म्हणतात. विकलेल्या यंत्राचे ३ लाख त्या गाठोड्यातून वजा होतात. त्या यंत्राची आयकराच्या हिशोबात शिल्लक होती ५ लाख २२ हजार, म्हणजे २ लाख २२ हजार गाठोड्यातच राहिले, आणि दुकानात दुसरी यंत्रं आहेत तोवर त्यावर दरवर्षी १५ टक्के मिळत राहणार. एकदम तोटा मिळणार नाही. तीन लाख वीस हजार त्या वर्षी वजा करून बसलात तर पुढे नोटीस, व्याज, सगळं आलंच.

खरेदीच्या तारखेचंही सांगतो, कारण आपल्याकडे यंत्र मुहूर्तावर येतं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी टक्का निम्मा, म्हणजे साडेसात. ३१ मार्चपासून मागे मोजलं की साध्या वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी ज्याने यंत्र सुरू केलं त्याला पूर्ण १५ टक्के. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्या मुहूर्तवाल्यांना निम्मा. दिवाळीचा पाडवा तर कायमच उशिराचा. १० लाखांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी दीड लाखाऐवजी ७५ हजार. उरलेला बुडत नाही, शिल्लक जास्त राहते आणि पुढे मिळतो. पण एक लक्षात घ्या, बिलाची तारीख पुरत नाही. यंत्र वापरात आलं पाहिजे. दसऱ्याला बुकिंग, हार-नारळ, फोटो, आणि यंत्र बसलं डिसेंबरात, तर तो डिसेंबरच.

आणखी एक गैरसमज. ज्यांचा नफा कमी असतो ते म्हणतात, यंदा घसारा नको, पुढच्या वर्षी घेऊ. कायद्यात ही सोय नाही. तुम्ही मागा किंवा मागू नका, तो धरूनच हिशोब करायचा. उलाढालीवर ६ किंवा ८ टक्के अंदाजी नफा दाखवून मोकळे होणाऱ्या दुकानदारांचंही तसंच. त्यांना घसारा वेगळा मिळत नाही, पण यंत्राची शिल्लक मात्र तो मिळाला असं समजूनच दरवर्षी खाली येते. पुढे नियमित हिशोबावर आलात की तिथूनच सुरुवात.

दोघा भावांना मी एवढंच दाखवलं, की फर्मच्या रिटर्नमध्ये `Schedule DPM` नावाचं पान असतं. यंत्रांचं गाठोडं तिथे असतं: वर्षाची सुरुवातीची शिल्लक, भर, विक्री, घसारा आणि शेवटची शिल्लक. `Schedule BP` मध्ये पुस्तकातला घसारा परत मिळवलेला आणि आयकराचा वजा केलेला, असे दोन्ही आकडे सापडतात. यंदाची सुरुवातीची शिल्लक गेल्या वर्षीच्या शेवटच्या शिल्लकीशी जुळली पाहिजे. त्यांची सातही वर्षं जुळली. थोरला काही बोलला नाही. धाकट्याने मोबाईलवर पानांचे फोटो काढले आणि विचारलं, "आठव्या वर्षी किती वजा होणार?" ४८ हजार ८७. नवं यंत्र घेतलं नाही तर. आता नवं यंत्र घ्यायचं की नाही यावर दोघांचं चालू आहे, पण निदान एकमेकांशी बोलतायत.