बी धरलेल्या बाई

लेस्टरच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. आमच्याकडच्या इंग्रजीच्या बाई जुलैत, वर्ष संपताना, निवृत्त होणार होत्या. बाईंना बागेचं वेड, हाताला उन्हाळाभर टोमॅटोच्या पानांचा वास. निरोपाचा टोस्ट बागेच्या शब्दांत गुंफायचा असं बैठकीत ठरलं. मी त्या दिवशी रजेवर होतो, म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला.

पहिल्या खर्ड्यात मी अख्खी नर्सरीच ओतली. शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं: बाईंनी आता बी धरलंय, 'शी हॅज गॉन टू सीड'. साताऱ्याला आमची आई मेथीची चार जोमदार रोपं बी धरायला मुद्दाम राखून ठेवते. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने ते वाचलं आणि तिला चहाचा ठसका लागला. इंग्रजीत माणसाबद्दल असं म्हटलं, की तो गबाळा झाला, त्याची रया गेली! 'वीडिंग आउट'वरही तिने काट मारली. तण म्हणजे नक्की कोणती पोरं, असं कुणीतरी विचारलंच असतं.

"बागेतलं एकच काम घे," ती म्हणाली, "आणि तेच शेवटपर्यंत ने."

मी 'हार्डनिंग ऑफ' घेतलं. हरितगृहात वाढलेलं रोप एकदम वाफ्यात लावलं तर वाऱ्याने, थंडीने मान टाकतं. म्हणून आठ-दहा दिवस ते दिवसा बाहेर ठेवायचं, रात्री आत घ्यायचं, रोज थोडा वेळ वाढवायचा. हिमाची शक्यता दिसली तर पुन्हा आत. बाई अकरा वर्षांच्या, बुजऱ्या पोरांना मोठ्याने वाचायला असंच शिकवत. आधी फक्त बाईंसमोर, मग एका मित्रासमोर, मग चौघांत आणि शेवटी वर्गासमोर. एक मुलगा चौघांसमोर अडखळला, तर त्यांनी त्याला न रागावता आठवडाभर पुन्हा एकट्या मित्रासमोर बसवलं. भाषणात ही एवढीच गोष्ट सांगितली. एकच रोप असल्यामुळे ऐकणाऱ्यांना रूपक सोडवत बसावं लागलं नाही.

तीन मिनिटांत आटोपलं. मग सगळ्यांना उभं राहायला सांगून, पेला उंचावून बाईंचं नाव घ्यायचं. जिच्या नावाने टोस्ट, तिने बसून राहायचं, स्वतःच्या नावाने प्यायचं नाही. ही रीत मला आदल्या रात्री कळली, नाहीतर मी त्यांनाही उभं केलं असतं.

बाईंनी माझ्या हातातला खोडाखोडीचा कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खणात परत आला. हिरव्या शाईने दोन विशेषणं छाटलेली. आणि 'गॉन टू सीड'च्या खाली टिंबांची ओळ: खोडलेलं कायम ठेवा, ही मुद्रितशोधकाची खूण.